परिचयाआधीची वीस मिनिटं

ठाणे, २० फेब्रुवारी

चि. मानसीस,


तू पाठवलेल्या दोन्ही ध्वनिफिती नीट ऐकल्या. ४ मार्चला तुमच्या रबाळ्याच्या कारखान्यात सुरक्षा दिन आहे, पाहुणे येणार आहेत आणि त्यांचा परिचय तू करून देणार आहेस, हे ऐकून बरं वाटलं. (४ मार्चच का, असं कुणी विचारलं तर माहीत असू दे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच दिवशी स्थापन झाली, आणि तिचं मुख्यालय तुमच्या जवळच, सीबीडी बेलापूरला आहे.) मजकुराला मी हात लावणार नाही, तो उत्तम आहे. बोलायचंय ते आवाजाबद्दल.

मी पेटी काढून बसले आणि तुझा आवाज जुळवून पाहिला. परवा फोनवर आईच्या गुडघ्यांबद्दल सांगत होतीस, तेव्हा तू मधल्या सप्तकाच्या खालच्या पांढरी पाचच्या आसपास बोलत होतीस. बायकांचा बोलण्याचा आवाज साधारण तिथंच असतो, सेकंदाला दोनशेच्या आगेमागे कंपनं. पुरुषांचा एकशेवीसच्या जवळपास. पहिल्या ध्वनिफितीत मात्र तू पांढरी सातवर पोचली आहेस, आणि पाहुण्यांच्या पदाचं लांबलचक नाव घेताना त्याच्याही वर. मजकूर हातात घेऊन उभं राहिलं की मान, खांदे, जबडा आवळतात. स्वरयंत्र वर ओढलं जातं, स्वरतंतू ताणले जातात, आणि ताणलेली तार वरच बोलणार.

दुसऱ्या ध्वनिफितीत तू उलटं केलंस. हनुवटी गळ्याला टेकवून आवाज मुद्दाम जाड काढलास. पहिलं वाक्य भारदस्त वाटलं खरं, पण तिसऱ्या वाक्यापासून प्रत्येक शेवट खरखरायला लागला आणि ‘आहेत’, ‘केले आहे’ ही क्रियापदं ऐकूच आली नाहीत. मराठीत वाक्याचा सगळा भार शेवटच्या क्रियापदावर, आणि तेच घशात राहिलं. शेवटी तू खोकलीसही. आवाज जबरदस्तीनं खाली दाबला की हे असंच होतं. घसा मोकळा झाला की आवाज आपोआप खाली येतो, तेवढं आपण करायचं.

आवाज जोपासण्याचं शास्त्र आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी गाणं शिकवता शिकवता आवाजाचाही कसून अभ्यास केला. पुढे त्यांच्याकडे शिकलेल्या डॉ. अशोक दा. रानड्यांनी हा विचार गायकांपुरता न ठेवता नटांपर्यंत आणि बोलणाऱ्यांपर्यंत नेला. त्यांचं ‘भाषणरंग’ हे पुस्तक माझ्याकडे आहे, पुढच्या वेळी आलीस की घेऊन जा. मी तुला सांगते आहे ती पद्धत मात्र साधी आहे, कंपनीच्या कॅन्टीनशेजारच्या खोलीत कुणाला न कळता करता येईल अशी.

कार्यक्रम साडेदहाला म्हणतेस. मग दहाच्या आधी शॉपफ्लोअरवरून निघ. हे मी नीट समजावून सांगते, कारण तुमच्या भागात हीच गोष्ट सगळ्यात जास्त नडते. यंत्रांच्या आवाजात बोलताना माणूस नकळत मोठ्यानं बोलतो आणि मोठ्यानं बोलताना सूरही चढतो. फ्रान्समधल्या लोंबार नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. तू सकाळी सातपासून प्रेसच्या आवाजावर ओरडून सूचना देत असशील, तर घसा त्याच उंचीवर अडकलेला असतो आणि थेट माइकपुढे गेलीस तर तिथूनच सुरुवात करशील. त्या दिवशी सूचना दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. स्टेशनपासून गेटपर्यंत ट्रकच्या धुळीत चालत येतेस, तेव्हाही तोंड मिटून नाकानं श्वास घे, मैत्रिणीशी गप्पा नंतर.

पाणी सकाळपासून थोडं थोडं पीत राहा. व्यासपीठावर चढताना गटागटा प्यायलेलं पाणी अन्ननलिकेतून पोटात जातं, ते स्वरतंतूंना लागतही नाही. शरीरात ओल मुरायला वेळ लागतो. खडीसाखर, ज्येष्ठमध चघळायला माझी हरकत नाही, तोंडाला लाळ सुटते एवढाच त्याचा गुण. खाकरू मात्र नकोस. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यानं आणखी चिकटा येतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. घशात काही अडकल्यासारखं झालं तर घोटभर पाणी गिळ.

आता श्वास. त्या दिवशी साडी नेसणार असशील तर परकराची नाडी बसल्यावर बोट जाईल इतकी सैल बांध. ही क्षुल्लक गोष्ट नाही. कंबर आवळली की पोट पुढे येऊ शकत नाही, मग श्वास वर छातीत भरतो, खांदे उचलले जातात आणि मान पुन्हा ताठ. खुर्चीत पुढे सरकून बस, पावलं जमिनीवर, दोन्ही तळवे खालच्या फासळ्यांवर बाजूला ठेव. आधी श्वास सोड. बहुतेक लोक आधीच भरलेल्या छातीत आणखी श्वास कोंबतात. सगळा सोडून झाला की नाकानं आपोआप आत येईल तेवढाच घे, मनात चार आकडे मोजत. तळवे बाहेर ढकलले गेले पाहिजेत, खांदे हलता कामा नयेत. मग दातांमधून ‘स्स्स’ करत बारा आकड्यांपर्यंत सोड. सुरुवातीला जोरात आणि शेवटी फुसकं, असं होत असेल तर कमी जोरानं सुरू कर. धार पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी हवी. असं पाच वेळा पुरे. डोकं हलकं वाटायला लागलं तर थांब आणि नेहमीसारखा श्वास घे. जास्त वेळा खोल श्वास घेतल्यानं चक्कर येते, तिचा भीतीशी संबंध नसतो.

त्यानंतर गुणगुणणं. ओठ मिटलेले, पण आतले दात एकमेकांपासून सुटलेले, जीभ सैल. ‘म्’ म्हण, हळू आवाजात. नीट लागला तर ओठांना आणि नाकाच्या मुळाशी मुंग्या आल्यासारखं वाटेल. बोट लावून बघ, कंप कळतो. कंप कळत नसेल आणि घशात खाजत असेल तर तू दाबते आहेस. आवाज आणखी लहान कर, जबडा सोड. काही वेळ एकाच सोयीच्या सुरावर गुणगुण. मग थकून घरी आल्यावर आपण ‘हंऽऽ’ म्हणून सुस्कारा सोडतो, तसा ‘म्’ वरून खाली घसरू दे. खाली जाता जाता एका जागी आवाज फुटून खरखर सुरू होईल. ती तुझी तळाची पायरी, तिथं बोलायचं नाही. तिथून तीन-चार स्वर वर ये. जिथं कंप पुन्हा भरून येतो, ती तुझी बोलण्याची जागा. मी काढला आहे तो अंदाज पांढरी पाचचा, पण त्या सकाळी सर्दी असेल, झोप कमी झाली असेल तर अर्धा-एक सूर इकडेतिकडे होईल. पेटीपेक्षा कंपावर विश्वास ठेव.

खोलीत गुणगुणायची लाज वाटली तर अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून त्यातून ‘ऊ’ काढ, बुडबुडे सारखे येत राहिले पाहिजेत. स्ट्रॉमुळे तोंडाशी हवेचा दाब अडून राहतो आणि स्वरतंतूंना कमी जोरात मिटावं लागतं. इंगो टिट्झे या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याचा बराच अभ्यास केला आहे. हल्लीच्या कागदी स्ट्रॉ पाच मिनिटांत लगदा होतात, म्हणून दोन-तीन जवळ ठेव.

तुझ्या बाबांनी तुला खर्ज भरायला सांगितलं असेल, ते गाणं शिकलेत ना! गवई पहाटे मंद्रात सूर लावतात ते वर्षानुवर्षं, शांतपणे, गुरूसमोर. त्यातून आवाजाला खोली येते हे खरं आहे. पण कार्यक्रमाआधी दहा मिनिटं खर्ज लावून ती खोली उसनी मिळत नाही, उलट दमलेला घसा घेऊन तू माइकपुढे जाशील. मार्गारेट थॅचर यांनी आवाज खाली आणला याचं उदाहरण लोक नेहमी देतात. त्यामागे शिक्षकाकडून घेतलेलं शिक्षण होतं, एका सकाळची करामत नव्हती.

आता हे सगळं शब्दात उतरवायचं. तुझं पहिलंच वाक्य ‘नमस्कार, मान्यवर पाहुणे आणि माझ्या सहकाऱ्यांनो’ असं आहे, ही चांगली सोय आहे. गुणगुणत असतानाच ओठ उघडून ‘म्म्मान्यवर’ म्हण, मग ‘न्न्नमस्कार’. कंप तसाच राहिला तर सूर खालीच आहे. दोनचारदा असं लांबवून झालं की नेहमीसारखं म्हण. पुढचं वाक्य घे: ‘औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात गेली वीस वर्षे काम करणारे…’ आणि त्यापुढे पाहुण्यांचं नाव. तू हे एका दमात म्हणतेस, म्हणून नावाशी येईपर्यंत हवा संपते आणि सूर वर उडतो. ‘करणारे’ नंतर थांब, नाकानं श्वास आत येऊ दे, मग नाव. मजकुराच्या कागदावर तिथं पेन्सिलनं रेघ मार. ऐकणाऱ्यांना तो थांबा नावाआधीचा मान वाटतो, तुला श्वास मिळतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर थोडा खाली सोड, श्वास मात्र सोडू नकोस, म्हणजे ‘आहेत’ शेवटच्या रांगेतल्या फिटरपर्यंत पोचेल.

तुमच्या कॅन्टीनला पत्र्याचं छप्पर आणि मोठे पंखे आहेत असं तू मागे म्हणाली होतीस. मोठ्यानं बोलू नकोस, सूर चढेल. आदल्या दिवशी माइक तपासून घे, तोंडापासून चार बोटांवर धर आणि ध्वनिक्षेपकवाल्याला आवाज वाढवायला सांग. शक्य असेल तर तेवढ्या वेळेपुरते जवळचे दोन पंखे बंद करून घे.

एक मात्र नक्की. त्या सकाळी आवाज बसलेला असेल, गिळताना दुखत असेल, तर यातलं काही करू नकोस. कागद दुसऱ्या कुणाला दे. कुजबुजूनही बोलू नकोस, बसलेल्या घशाला कुजबुज आराम देत नाही. आणि आवाज बसून तीन आठवडे झाले तरी सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, काढे पीत बसायचं नाही.

रविवारी हे सगळं एकदा करून तिसरी ध्वनिफीत पाठव. परिचय पूर्ण नको, पहिली चार वाक्यं पुरेत. त्याआधी गुणगुणलेलंही ऐकव, मला पेटीवर लावून बघायचं आहे. तुझ्या आईला म्हणावं, गुडघ्यांचं तेल पाठवलं आहे.

तुझी,
वसुधामावशी