थायरॉइडमंदता : पथ्य कोबीचे की वेळेचे?

येवला तालुक्यातील ४२ वर्षांची एक रुग्णा लेव्होथायरॉक्सिन नियमित घेत होती. कोबी, फ्लॉवर व बाजरीची भाकरी तिने वर्षभर वर्ज्य केली होती. तरीही टीएसएच १४ होते.

कोबी-फ्लॉवरमधील गलगंडकारक द्रव्य तयार होण्यास त्यांतीलच एक विकर लागते. शिजविल्याने ते बव्हंशी निष्क्रिय होते. म्हणून शिजलेली भाजी निर्धोक. कच्चा कोबी रोज मोठ्या प्रमाणात मात्र नको. बाजरीचे तसे नाही. तिच्यातील फ्लेव्होनॉइड द्रव्ये उष्णतेने नष्ट होत नाहीत. परंतु सुदानच्या दारफुर भागात बाजरीचा संबंध गलगंडाशी आढळला, तो बाजरी हेच मुख्य अन्न व त्यात आयोडीनची उणीव असताना. आयोडीनयुक्त मीठ व मिश्र आहार असल्यास भाकरी सोडण्याचे कारण नाही. शिवाय ही द्रव्ये ग्रंथीतील संप्रेरकनिर्मितीस बाधा आणतात; गोळीतून मिळणारे संप्रेरक त्या निर्मितीवर अवलंबून नसते.

मग दोष कोठे होता? रुग्णा गोळीसोबतच शंखभस्म व मंडूरभस्म घेत असे. कॅल्शियम व लोह गोळीचे शोषण घटवितात. गोळी पहाटे उपाशीपोटी आणि भस्मे चार तासांनंतर, एवढाच बदल केला. भाकरी पुन्हा सुरू केली. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.६ आले. भस्मे देताना वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी प्रथम थायरॉइडच्या गोळीची वेळ विचारावी.