चमचा नव्हे, वजन बघा

गेल्या पावसाळ्यात बेळगावची माझी भाची निपाणीला आमच्याकडे राहायला आली होती. रात्री तिच्या दीड वर्षाच्या मुलीला ताप भरला. काखेत थर्मामीटर लावला तर १०२. भाचीच्या पिशवीत बेळगावहून आणलेली पॅरासिटामॉल ड्रॉप्सची छोटी बाटली होती आणि आमच्या कपाटात नातवासाठी कोल्हापूरहून आणलेलं सिरप. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्या पोराला पाच मिली देतोय की, तेवढंच दे." भाचीने सिरपचं टोपण घेतलं आणि त्यात पाच मिलीच्या रेघेपर्यंत ड्रॉप्स ओतले. बाटली एकाची आणि माप दुसऱ्याचं, हे माझ्या ध्यानात आलं म्हणून मी तिचा हात धरला.

दोन्ही औषधं पॅरासिटामॉलच होती, पण जोर सारखा नव्हता. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलीग्रॅम औषध होतं. कपाटातल्या सिरपच्या पाच मिलीत २५०, म्हणजे एका मिलीत ५०. दुकानात याहून सौम्य, पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅमचं सिरपही मिळतं. त्यामुळे 'पाच मिली द्या' या सांगण्याला बाटली समोर असल्याशिवाय काही अर्थ नाही.

हिशेब सोपा आहे. एका वेळेला दर किलो वजनामागे १० ते १५ मिलीग्रॅम. भाचीची मुलगी दहा किलोची, म्हणजे तिला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलीग्रॅम. ते त्या ड्रॉप्सचे होतात दीड मिली, २५०च्या सिरपचे तीन मिली आणि १२५च्या सिरपचे सहा मिली. टोपणातल्या पाच मिली ड्रॉप्समध्ये मात्र ५०० मिलीग्रॅम होते, तिच्या मात्रेच्या तिपटीहून जास्त. वजन अंदाजाने धरू नका. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात करून घ्या आणि आपल्याच बाटलीचे किती मिली ते डॉक्टरांकडून लेबलवर लिहून घ्या. मोजायला बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा, घरातला चमचा नको.

दोन मात्रांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नका. दिलेली वेळ कागदावर लिहा, नाहीतर आईने दिलेलं आजी पुन्हा देते. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून लेबलवरचं मूळ औषधाचं नाव वाचा. मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. नायमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे.

औषध दिल्यावर ताप पूर्ण उतरलाच पाहिजे असं नाही. मूल पाणी प्यायला लागलं, थोडं खेळलं की औषधाचं काम झालं. झोपलेल्या मुलाला केवळ आकडा बघून औषधासाठी उठवू नका. गार पाण्याने अंग पुसू नका, दुपट्यांत गुंडाळूही नका. सुती कपडे घाला आणि थोडं थोडं पाजत राहा.

आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तरी घरी औषध न देता थेट दवाखाना गाठा. मोठं मूल उठवूनही नीट जागं होत नसेल, काही पीत नसेल, प्यालेलं सगळं उलटून टाकत असेल, मान ताठ झाली असेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे डाग अंगावर आले असतील, तर सकाळची वाट बघू नका. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा: एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तरी लगेच निघा. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ला फोन करा आणि थांबला तरी डॉक्टरांना दाखवा.

वरचं काहीच नसलं तरी तीन दिवसांहून जास्त राहिलेला ताप दाखवायलाच हवा. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप देऊ नका. डेंग्यूत ताप उतरताना पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर धोका वाढतोय असं समजा.

आणि मात्रा चुकून जास्त गेलीच, तर मूल हसतंय-खेळतंय म्हणून घरी थांबू नका. पहिल्या दिवशी बहुधा काहीच दिसत नाही, पण इजा यकृताला होत असते. त्यावर उतारा आहे आणि तो पहिल्या काही तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. तेव्हा बाटली आणि वेळा लिहिलेला कागद घेऊन त्याच रात्री मोठा दवाखाना गाठा.