साडेबाराचा डबा

मंठाळ गावात शिक्षक, बँकेतील कारकून आणि बाहेरगावाहून येऊन राहिलेले नोकरदार यांना दुपारी साडेबाराच्या ठोक्याला २४ डबे पोचविण्याची जबाबदारी मी पत्करली, तेव्हा उजाडताच समोर येईल ते काम उरकीत गेले म्हणजे दुपार आपोआप गाठता येईल, अशी माझी समजूत होती. ती एका मे महिन्यात मला भोवली.

सकाळचा भार हलका व्हावा म्हणून मी मटकीची उसळ आदल्या रात्रीच शिजवून पातेल्यात झाकून ठेवली, आणि भाकऱ्या नऊलाच भाजून गरम असतानाच डब्यात रचून झाकण लावले. दुपारी भाकऱ्यांना पाणी सुटलेले होते, उसळीला फेस व आंबूस दर्प होता, आणि ११ डबे जसेच्या तसे परत आले. उसळ सकाळी मी पुन्हा उकळली होती; परंतु रात्रभर कोमट राहिलेल्या अन्नात काही जंतू जे विष निर्माण करतात, ते उकळीनेही नष्ट होत नाही, हे मला मागाहून कळले.

तेव्हापासून मी हिशेब शेवटाकडून मांडते. वाटेला २० मिनिटे, भरण्याला २०. म्हणजे अकरा पन्नासला अन्न सिद्ध हवे. भाकरीची वाफ निघून जाण्यासाठी ती १५ मिनिटे दुरडीत कापडावर सुटी ठेवावी लागते, म्हणून शेवटची भाकरी अकरा पस्तीसच्या आत उतरली पाहिजे. डब्यास दोन याप्रमाणे ४८ भाकऱ्या, प्रत्येकीस ३ मिनिटे. मी व जाऊबाई दोन तव्यांवर बसलो तर ७२ मिनिटे लागतात, यास्तव पहिली भाकरी सव्वादहाला तव्यावर पडावी लागते. त्या वेळी दोन्ही शेगड्या अडकतात. म्हणून वरण व उसळ दहाच्या आत शिजवून ठेवून, तवे उतरताच ती पुन्हा खळखळ उकळून कढत भरावयाची. जुनी तूर शिजण्यास हटवादी असते, तेव्हा ती अर्धा तास आधी भिजविणे बरे.

हा क्रम पिठावरही अवलंबून आहे. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते, भाकरीच्या कडा चिरतात, थापण्यास दुप्पट वेळ लागतो आणि सारे वेळापत्रक कोसळते; म्हणून मी आठवड्यापुरतेच दळण आणते व पीठ आधणाच्या पाण्यात मळते.

रात्री केवळ कच्ची तयारी करावी: सकाळी भिजवलेली मटकी फडक्यात बांधावी, भाजी निवडावी, वीज असेल तोवर शेंगदाण्याची कोरडी चटणी वाटून ठेवावी. हे काम आरंभू इच्छिणाऱ्या भगिनींनी ग्राहकांची संख्या ठरविण्यापूर्वी आपल्या तव्यावर तासाभरात किती भाकऱ्या उतरतात, हे घड्याळ लावून मोजावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.