वीस तारखेनंतरचं ऑपरेशन

भोसरीच्या एका कारखान्यात मी हिशेब आणि पगार बघतो. पित्ताशयात खडे निघाले, सर्जन म्हणाले, "काढावं लागेल, पण आज-उद्या नाही." मग साहेबांना मेसेज लिहायला बसलो. त्यातून जे कळलं ते असं.

१. तारीख डॉक्टरांनी दिली तरी महिना आपण बघायचा. अकाउंट्सचा महिना १ तारखेला सुरू होत नाही. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी. २० नंतर जरा उसंत मिळते, म्हणून मी २२ नोव्हेंबर मागून घेतली. ताप, कावीळ किंवा न थांबणारं दुखणं सुरू झालं, तर ही सगळी गणितं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा, हेही सर्जननी बजावलं होतं.

२. "किती दिवस लागतील?" याला एकच आकडा देऊ नये. दुर्बिणीतून झालं तर माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो आणि बैठं काम साधारण एक-दोन आठवड्यांनी सुरू करता येतं. पण ज्या संमतीपत्रावर आपण सही करतो त्यात एक ओळ असते: गरज पडली तर पोट उघडून शस्त्रक्रिया करू. सूज फार असली, अवयव चिकटलेले असले, तर ती वेळ येते आणि मग चार ते सहा आठवडे धरावे लागतात. ही शक्यता कमी असते, म्हणून लोक ती साहेबांना सांगतच नाहीत. मी सांगितली, कारण बदली माणसाची सोय दोन आठवड्यांची करायची की सहा, हे तिच्यावरच ठरतं. शिवाय भूलतज्ज्ञांच्या तपासणीत साखर किंवा बीपी वाढलेलं निघालं, तर तारीखच पुढे जाते.

३. मेसेज एका स्क्रीनवर मावावा. माझा असा होता:

"सर, नमस्कार. पित्ताशयाचं ऑपरेशन २२ नोव्हेंबरला ठरलंय, तारीख फिटनेस तपासणीवर अवलंबून. सगळं नीट झालं तर ७ डिसेंबरपासून ऑफिसला येईन. पोट उघडावं लागलं तर जानेवारीचा पहिला आठवडा उजाडेल. काय झालं ते २३ ला घरून कळवतील. नोव्हेंबरचा पगार आणि टीडीएस ज्युनिअर मॅडम करतील, टीडीएस ५ तारखेलाच भरतील. मी ७ ला आलो नाही तर जीएसटी आपले सीए बघतील, पीएफ-ईएसआय मॅडमच. दोघांशी बोलणं झालंय. बँकेतली मंजुरी नेहमीप्रमाणे आपलीच. रजेचा अर्ज आणि डॉक्टरांची चिठ्ठी एचआरला दिली आहे."

आजाराचं नाव लिहावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. "पोटाची शस्त्रक्रिया" एवढंही पुरतं. साहेबांना तारखा हव्या असतात, सोनोग्राफीचा रिपोर्ट नव्हे. मेडिक्लेमच्या कॅशलेस मंजुरीसाठी एचआरला मात्र निदान लागतंच, तो कागद त्यांच्याकडे वेगळा द्यावा.

४. "फोनवर आहेच मी" हे वाक्य मी जाणूनबुजून गाळलं. पूर्ण भूल दिल्यानंतर किमान चोवीस तास महत्त्वाचे निर्णय किंवा सह्या करू नयेत, असं सांगतात. त्यानंतरही वेदनाशामकांनी गुंगी येते आणि पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा ठणकतो. अशा वेळी पगाराच्या फाइलमधलं एक शून्य इकडचं तिकडे झालं, तर निस्तरणार कोण? म्हणून ठरवलं की पहिला आठवडा फोन बायकोकडे, आणि पुढे रोज दुपारी अर्धा तास फक्त प्रश्नांना उत्तरं. टाके दाखवायला गेल्यावर डॉक्टर कामाला हो म्हणाले की मगच ऑफिसची तारीख पक्की करायची.

५. कामं नेमून दिली म्हणजे सोय झाली असं नाही, चाव्या कोणाकडे आहेत ते बघायचं. आमच्याकडे बँकेत पेमेंट तयार करायचा लॉगिन माझा आणि ओटीपी माझ्याच मोबाइलवर. तो फोन मी ऑपरेशन थिएटरबाहेर ठेवणार! पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं हा त्यावरचा रूढ उपाय, पण मला तो बिलकूल मान्य नाही. उद्या काही चुकलं तर नोंद माझ्या नावावर राहते. बँकेला पत्र देऊन मॅडमचा वेगळा लॉगिन काढून घेतला. अशा कामाला बँक वेळ लावते, म्हणून ते पत्र मेसेजच्याही आधी गेलं.

मग ऑक्टोबरचा पगार आणि पीएफ मॅडमनीच केला, मी शेजारी खुर्ची टाकून गप्प बसलो. पगार बिनबोभाट झाला. पीएफची ईसीआर फाइल मात्र अडली, कारण एका नव्या हेल्परचा यूएएनच काढलेला नव्हता. मी स्वतः करत असतो तर सवयीने आधी तेच बघितलं असतं, पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता मॅडमच्या यादीत पहिली ओळ तीच आहे: महिन्यातले नवे कामगार, त्यांचे आधार आणि यूएएन, २५ तारखेच्या आत.