बेरीज जुळली, बिलांची संख्याही जुळली, तरी १,१५० रुपये कमी: दोन सॉफ्टवेअरमधली वाट कशी तपासायची

कालच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "काउंटरचं बिलिंग सॉफ्टवेअर वेगळं आणि हिशेबाचं वेगळं. रोज संध्याकाळी फाइल काढून तिकडे चढवतो. सगळं पोचलं हे कसं कळणार?" व्हिडिओत घाई झाली, म्हणून इथे सविस्तर लिहितो. सुरुवात माझ्याच दुकानातल्या गोष्टीनं करतो, कारण हा धडा मी पैसे आणि थोडी लाज मोजून शिकलोय.

श्रावणातला सोमवार. भीमाशंकरला जाणारी गर्दी तळेघरवरून जाते आणि त्या दिवशी काउंटरला श्वास घ्यायला वेळ नसतो. दिवसभरात २१२ बिलं झाली, नंबर ४१०१ ते ४३१२. संध्याकाळी फाइल चढवताना पाऊस, लाइट गेली, पुन्हा आली, चढवणं पुढे सुरू झालं. मी दोन गोष्टी बघितल्या. बिलं इकडे २१२, तिकडे २१२. एकूण रक्कम दोन्हीकडे सारखी. झालं, म्हटलं.

मग गल्ला मोजला, तर हिशेबापेक्षा १,१५० रुपये कमी. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, मी हात लावला नाही." मी म्हटलं, ठीक आहे, पगारातून वळते करू. तो काही बोलला नाही. दोन दिवस त्यानं माझ्याकडे धड बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी एक ताई उधारी द्यायला आल्या, सोमवारच्या किराणा पाकिटाचे १,१५० रुपये. हिशेबात त्यांच्या नावावर काहीच नाही! तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमचं श्रावणाचं पाकीट ठरलेल्या भावाचं होतं. बिल ४१८६ रोखीचं, १,१५० रुपये. पुढचंच ४१८७ ताईंचं उधारीचं, तेही १,१५०. लाइट गेली तेव्हा ४१८६ चढलेलं होतं. परत सुरू झाल्यावर ४१८७ च्या जागी ४१८६ दुसऱ्यांदा चढलं. एक गेलं, एक दोनदा आलं, रक्कम तीच. म्हणून संख्याही जुळली आणि बेरीजही. रोख मात्र हिशेबात १,१५० जास्त दिसली आणि उधारी तेवढीच कमी. पोराचा काडीचा दोष नव्हता. त्याच्यापुढे जाऊन चूक कबूल केली, पगार पूर्ण दिला.

हे त्याच संध्याकाळी कसं कळलं असतं? तिसरी एक बेरीज असते, जी अगदी वेडगळ वाटते: बिल नंबरांचीच बेरीज. या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, तो फक्त ताडून बघायला. ४१०१ पासून ४३१२ पर्यंतची बेरीज ८,९१,७७८ येते. हिशेबाच्या बाजूला ती आली असती ८,९१,७७७. फरक फक्त एकाचा, पण गडबड आहे हे सांगायला तेवढा पुरे. दोन्हीकडची यादी एक्सेलच्या दोन शीटमध्ये घ्या, A मध्ये बिल नंबर, C मध्ये रक्कम:

```
=COUNT(A2:A213)
=SUM(C2:C213)
=SUM(A2:A213)
```

तिन्ही आकडे दोन्ही शीटमध्ये सारखे हवेत. नसतील तर बिलिंगच्या यादीशेजारी हे लावा (दुसरी यादी `Sheet2` मध्ये आहे असं धरून) आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(Sheet2!A:A,A2)
```

१ आला तर बिल नीट पोचलं. ० म्हणजे पोचलंच नाही. २ म्हणजे दोनदा पोचलं. मी आता रोख आणि उधारीची बेरीजही वेगवेगळी ताडतो. त्या दिवशी तेवढी केली असती तरी सापडलं असतं.

आता खरा मुद्दा, जो व्हिडिओत निसटला. मी ही यादी बिलिंगच्या बाजूनं का सुरू केली? हिशेबातली नोंद घेऊन तिचं बिल शोधलं, तर असलेली नोंद खरी आहे एवढंच कळतं. जी आलीच नाही ती नोंद हातात येणारच कशी? काय राहिलं हे शोधायचं तर जिथे व्यवहार जन्मतो तिथून निघायचं आणि जिथे पोचायला हवा तिथे बघायचं.

हे मोठ्या बँकेतही घडलंय. नीरव मोदी प्रकरण आठवतं ना? पंजाब नॅशनल बँकेची मुंबईतली, फोर्ट भागातली ब्रॅडी हाउस शाखा. परदेशी कर्जासाठीची हमीपत्रं 'स्विफ्ट' या निरोपाच्या यंत्रणेतून बाहेर जात होती, पण बँकेच्या मुख्य हिशेबाच्या प्रणालीत, म्हणजे कोअर बँकिंगमध्ये, त्यांची नोंद होत नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. कोअर बँकिंग उघडून कितीही बारकाईनं तपासा, तिथे चुकीचं काही दिसणार नाही, कारण तिथे काही नव्हतंच. स्विफ्टमधून गेलेल्या निरोपांची यादी हातात घेऊन एकेकाची नोंद शोधली असती, तर पहिल्याच निरोपाला बोट थांबलं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेनं शेअर बाजाराला कळवलेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं दोन्ही यंत्रणा जोडायला बँकांना ३० एप्रिल २०१८ ची मुदत दिली.

परत दुकानात येऊ. रोजची ताडणी वेगळी आणि सॉफ्टवेअर चूक अडवतं का हे तपासणं वेगळं. दुसरं काम वर्षातून थोड्याच वेळा करायचं, पण मुद्दाम खोडी काढून. हिशेबाच्या कंपनीची एक कॉपी करा, खऱ्या हिशेबात हे प्रयोग नकोत. कॉपीत कालचीच फाइल पुन्हा चढवा. त्याच नंबरची बिलं त्यानं नाकारायला हवीत. आमच्याकडे एकच नंबर दोनदा नको ही सेटिंग होती, फक्त कोणी चालू केली नव्हती. मग चढवताना मध्येच बंद करा आणि परत सुरू करा. मग यादीत नसलेल्या ग्राहकाचं एक बिल घाला. ते नाकारलं तर चांगलंच, पण नाकारल्याचं कुठे लिहून दिसतं का ते बघा. गुपचूप वगळणारं सॉफ्टवेअर सगळ्यात वाईट.

बिलाच्या स्क्रीनवरही तसंच: ३१ जून तारीख टाका, नग उणे पाच टाका, भाव शून्य टाका. आणि खरेदीत, ऑर्डर २० पोत्यांची, माल आल्याची नोंद १८ ची, व्यापाऱ्याचं बिल २० चं, असं टाकून बघा. बिल पैसे देण्यासाठी पास झालं तर तुमची तीन कागदांची जुळणी नावापुरती आहे. त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय. प्रत्येक प्रयोगाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

एकदा नीट अडवलं की तसंच प्रत्येक वेळी अडवेल असं धरता येतं, पण प्रोग्रॅम आणि सेटिंग तीच असेपर्यंतच. अपडेट आलं, कॉम्प्युटर बदलला, इंजिनिअर येऊन काही करून गेला, की पुन्हा सगळं करायचं.

आणि एक मर्यादा सांगून ठेवतो. ज्या विक्रीचं बिलच फाडलं नाही, ती यातल्या कुठल्याच बेरजेत सापडणार नाही. तिथे सॉफ्टवेअर नाही, मालाची मोजणी उपयोगी पडते. मी दर रविवारी दहा जिनसा मोजतो, त्यात ते पाकीट असतंच.