स्वागताचे पान

तालुक्याच्या आंतरशालेय खो-खो स्पर्धांचे यजमानपद सलग दुसऱ्या वर्षी आमच्या शाळेकडे आले आणि कामांची वाटणी झाली. कोणी मैदानाची आखणी पत्करली, कोणी पाण्याची व्यवस्था. माझ्या वाट्याला आले ते स्पर्धा-पुस्तिकेचे पहिले पान. संयोजन समितीच्या वतीने संघांचे स्वागत लिहावयाचे होते. सर्वांत सोपे काम आपल्याकडे आले, असे मला वाटले. एका रात्रीत मी मजकूर लिहून काढला व दुसऱ्या दिवशी मराठीच्या गुरुजींच्या हाती दिला. त्याचा प्रारंभ असा होता :

“उषःकालाच्या सुवर्णकिरणांनी न्हालेल्या या पुण्यभूमीत, क्रीडादेवतेच्या मंगल मंदिरात, आपणां सर्वांचे आम्ही अंतःकरणाच्या गाभाऱ्यातून सहर्ष स्वागत करीत आहोत.”

गुरुजींनी तो शांतपणे वाचला. मग कपाटातून गेल्या वर्षीची पुस्तिका काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. तिच्यातही सुवर्णकिरणे होती, मंदिरही होते. मी जरा ओशाळलो.

“गेल्या वर्षी अकरा वाजताच्या सामन्याला काय घडले, ते आठवते ना?” त्यांनी विचारले.

ते कोण विसरेल? नदीपलीकडच्या एका शाळेचा संघ दोन तासांचा एस.टी.चा प्रवास करून आला होता. पुस्तिकेत पहिल्या फेरीच्या सामन्यांत त्यांचे नाव नव्हते. नावापुढे केवळ ‘पुढे चाल’ असे दोन शब्द होते. आपला सामना आता उद्याच, अशी त्या मुलांची समजूत झाली व ती घाटावर पोहावयास गेली. अकरा वाजता पंचांनी संघाचे नाव पुकारले, वाट पाहिली आणि प्रतिस्पर्ध्यांना विजयी घोषित केले. ओल्या केसांनी ती मुले परतली, तेव्हा त्यांची स्पर्धा संपलेली होती. मैदानावर एकदाही पाऊल न ठेवता ती संध्याकाळच्या गाडीने घरी गेली.

‘पुढे चाल’ म्हणजे काय, हे आमच्यापैकीही अनेकांना नीट ठाऊक नव्हते. गुरुजींनी फळ्यावर आकडे मांडले. या स्पर्धेत हरणारा संघ बाद होतो. म्हणून प्रत्येक फेरीत संघांची संख्या निम्मी होत जावी लागते. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन. गेल्या वर्षीप्रमाणे यंदाही संघ अकरा होते आणि अकरा ही संख्या या ओळीत बसत नाही. सोळांतून अकरा वजा केले की पाच उरतात. तेवढ्या पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळविता दुसऱ्या फेरीत घेतात. ते पाच कोणते, हे आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून ठरते. उरलेले सहा संघ आपसांत तीन सामने खेळतात. त्यांतील तीन विजयी संघ आणि हे पाच मिळून बरोबर आठ होतात.

“पण गुरुजी, दुसरी फेरी त्याच दिवशी कशी?” मी विचारले.

“तूच हिशेब कर. संघ अकरा. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो. विजेता उरेपर्यंत किती बाद व्हावयास हवेत?”

“दहा.”

“म्हणजे सामने दहा. दोन्ही डाव व मधली विश्रांती धरून एका सामन्यास पाऊण तास ठेवावा लागतो. मैदान एकच. दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीचे दोन आणि अंतिम असे तीन सामने ठेवले, तर पहिल्या दिवशी सात उरतात. साडेआठला सुरुवात केली की पहिली फेरी पावणेअकराला संपते व अकराला दुसरी सुरू होते. हे सारे समितीला ठाऊक होते. गेल्या वर्षी ते पाहुण्यांना कोणी सांगितले नाही.”

मी मजकूर पुन्हा लिहावयास घेतला. या वेळी गुरुजींनी एकच सूचना केली : पहाटे उठून आलेला, हातात पिशवी घेऊन आपल्या फाटकात उभा राहिलेला मुलगा डोळ्यांसमोर आण आणि त्याला पहिल्यांदा काय विचारावेसे वाटेल, ते लिही.

दुसऱ्या मसुद्यात मी मोठ्या उत्साहाने लिहिले की, सर्व खेळाडूंसाठी स्नानास गरम पाणी मिळेल. गुरुजींनी मला शाळेच्या शिपाईमामांकडे पाठविले. मामा हसले. “बंब एकच आहे. पोरं किती येणार?” एका संघात बारा याप्रमाणे अकरा संघांचे एकशे बत्तीस खेळाडू! ते वाक्य मी तेथेच खोडले. पाण्याची टाकी, न्याहारीची जागा, दवापेटी यांविषयी जे लिहिले होते, तेही त्या-त्या ठिकाणी जाऊन, पाहून मगच ठेवले.

चिठ्ठ्या टाकून वेळापत्रक पक्के होईपर्यंत माझे पान अडून राहिले. म्हणजे पुस्तिकेत पहिले असलेले पान छापखान्यात सर्वांत शेवटी गेले. मुद्रित आले, तेव्हा मी मजकूर मोठ्याने वाचला व माझा मित्र मूळ कागदावर बोट ठेवून तपासत गेला. ‘११.००’ मधला एक एकडा गळून तेथे ‘१.००’ झाले होते. मनातल्या मनात वाचताना हीच चूक माझ्या नजरेतून दोनदा निसटली होती.

अखेरीस छापलेले पान असे होते :

“खेळाडूंनो आणि मार्गदर्शक शिक्षकहो,

आपण अकरा शाळांमधून आला आहात. आपले मनःपूर्वक स्वागत. आपल्यापैकी अनेकांनी पहाटेची गाडी धरली आहे, हे आम्ही जाणतो. न्याहारी सकाळी ७ ते ८ या वेळात वाचनालयाच्या ओसरीवर मिळेल. पिण्याचे पाणी विहिरीजवळच्या टाकीत आहे.

पहिला सामना शनिवार, दिनांक १४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ८.३० वाजता सुरू होईल. ज्या पाच संघांस पुढे चाल मिळाली आहे, त्यांचाही सामना शनिवारीच आहे. दुसरी फेरी सकाळी ११.०० वाजता सुरू होईल. प्रत्येक संघाने पान ३ वर आपली वेळ पाहावी व त्यापूर्वी अर्धा तास मैदानावर यावे.

मैदानातील खडे आमच्या मुलांनी चार दिवस वेचले आहेत. तरीही पूर्वेकडील खांबाजवळची जमीन कठीण आहे. तेथे वळताना जपावे. काही अडचण आल्यास निळी फीत लावलेल्या कोणाही स्वयंसेवकास सांगावे.

संयोजन समिती”

खांबाजवळच्या जमिनीचे वाक्य छापू नये, त्याने शाळेला कमीपणा येतो, असे समितीतील एकदोघांचे म्हणणे पडले. त्यावर बराच वाद झाला. शेवटी मुख्याध्यापकांनी ते ठेवावयास सांगितले. मला मात्र ते साऱ्या पानातील सर्वांत आपुलकीचे वाक्य वाटते.

नदीपलीकडचा संघ यंदाही आला. चिठ्ठीत त्यांना पुन्हा पुढे चाल मिळाली होती. फाटकाशी मी त्यांच्या कर्णधाराच्या हाती पुस्तिका दिली. त्याने उभ्या उभ्याच पहिले पान वाचले, मग पान ३ उघडले आणि आपल्या सोबत्यांना हाक मारून म्हणाला, “अरे, पिशव्या इथंच ठेवा. आपला सामना अकराला आहे.” साडेदहाच्या आधीच ते सारे मैदानाच्या कडेला येऊन बसले होते, आणि दोघे जण पूर्वेच्या खांबाजवळची जमीन पायाने चाचपून पाहत होते.