वण, भांग आणि दोन वेण्या : केस कसे विंचरायचे, कसे कापायचे

आज विषय जरा वेगळा आहे, पण वर्गात रोज दिसणारा. आपल्या आटगाव, खर्डी, शहापूर पट्ट्यात डोक्याला टाके पडलेलं एखादं तरी मूल वर्गात सापडतंच. कुणी दगडी पायरीवर पडलेलं, कुणाला आंबे पाडताना दगड लागलेला, कुणी चुलीजवळ भाजलेलं. जखम भरते, वण राहतो. मग मूल मान खाली घालून बसतं, फळ्याजवळ यायला नको म्हणतं, पावसात केस भिजले की रडवेलं होतं. यातलं बरंचसं भांगाची जागा बदलून सुटतं. फक्त केस कसे पडतात ते समजून घ्यायला हवं.

वणावर केस का येत नाहीत? जखम खोल गेली की केसाचं मूळच जातं आणि तिथे नवीन मूळ तयार होत नाही. त्यामुळे तेल, कांद्याचा रस किंवा वस्तऱ्याने घोटून तिथे केस येणार नाहीत. आपल्या हातात एवढंच, की शेजारचे केस त्या जागेवरून आडवे न्यायचे. आता भोवरा बघा. सगळे केस तिथून फिरत निघतात. टाळूवरचे पुढे येतात, मागचे खाली जातात. वण या दिशेला आडवा असेल तर वरचे केस आपोआप त्याच्यावर येतात. वण दिशेच्या बाजूने, सरळ असेल तर केस दोन्हीकडे फाकतात आणि मधे पांढरी रेघ उघडी पडते. कवटीची शस्त्रक्रिया करणारे काही सर्जन डोक्यावरचा छेद सरळ न घेता मुद्दाम नागमोडी घेतात तो याचसाठी. सरळ छेदावर केस ओले झाले की दुभंगतात, नागमोडीवर एकमेकांवर पडतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. चौथीतली मुलगी. कपाळाच्या केसांच्या कडेपासून मागे जाणारा, साधारण 4 सेंटिमीटर लांब वण, मध्यापासून अर्धं बोट डावीकडे. शाळेत दोन वेण्या, मधला भांग. आईने विचार केला, रेघ आहेच तर भांग त्यावरच पाडू. बऱ्याच घरी हेच करतात आणि वरवर पटतंही. पण साधा भांग दोऱ्याएवढा असतो, वण त्याच्या कितीतरी पट रुंद. शिवाय वेण्या घट्ट ओढल्या की दोन्ही बाजूंचे केस वणापासून लांब जातात. त्यात भरपूर तेल, म्हणजे केसांच्या बटा चिकटतात आणि मधल्या फटी मोठ्या दिसतात. वणाच्या कडेचे केस आधीच नाजूक, रोजच्या ओढीने तेही विरळ होतात. आणखी एक गोष्ट. भांगाची रेघ बाणासारखी असते, आपली नजर तिच्यावरून सरकत टोकाला जाते. टोकाला वण असेल तर बघणारा नेमका तिथेच बघतो.

मग काय केलं? भांग उजवीकडे सरकवला. उजव्या भुवईच्या कमानीचा सगळ्यात उंच भाग बघायचा आणि तिथून सरळ वर केसांच्या कडेला सुरुवात करायची. तिथून कंगव्याच्या टोकाने तिरकी रेघ भोवऱ्यापर्यंत न्यायची. भोवऱ्याच्या खाली मात्र भांग नेहमीसारखा मधोमध मानेपर्यंत. म्हणजे पुढे तिरका, मागे मधला. भांग आणि वण यांच्यामधला चांगला तीन-चार बोटांचा केसांचा पट्टा आता वणावरून आडवा डावीकडे जातो. मागची वाटणी मधोमध असल्याने दोन्ही वेण्या जवळपास सारख्याच जाड होतात. शाळेचा दोन वेण्या आणि रिबिनींचा नियमही मोडत नाही. (मधलाच भांग हवा असा हट्ट कुणी धरत असेल, तर तो त्या मुलीपुरता सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे.)

वेणी कानामागून सुरू करायची, आणि पुढचे केस थोडे सैल, कपाळाच्या कडेला जरा खाली घेऊन मग मागे न्यायचे. चाप लावायचा तो वणाच्या पलीकडे दोन बोटं, वणावर नाही. तेल रात्री लावावं, सकाळी फक्त शेपटांना बोटभर. नवा भांग पहिले काही दिवस टिकत नाही, केस जुन्या जागी परत येतात. अंघोळीनंतर केस ओले असतानाच नव्या दिशेने विंचरून, वाळेपर्यंत चाप लावून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत केस वळतात.

जमलं की नाही, ते आरशात समोरून बघून कळत नाही. मुलीला उजेडात बसवा आणि उभं राहून वरून बघा, कारण शिक्षक आणि मागच्या बाकावरची मुलं तसंच बघतात. मग हाताने केस थोडे विस्कटून पुन्हा बघा.

वण कपाळावरच असेल तर पुढच्या बटा कापणं हा मार्ग. आपल्या आयाआज्या ज्याला साधना कट म्हणतात तोच. ‘लव्ह इन सिमला’ (1960) या सिनेमासाठी साधनाचं रुंद कपाळ झाकायला त्या बटा कापल्या होत्या, हौस म्हणून नाही. बटांसाठी केस घ्यायचे ते अगदी कडेचे नाहीत, तीन-चार बोटं मागून, नाहीतर विरळ झालरीतून वण दिसत राहतो. ओले केस लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, म्हणून पहिल्यांदा नाकाच्या हाडापर्यंत लांब ठेवा, वाळल्यावर भुवईशी आणा. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र घामाने बटा कपाळाला चिकटतात. तेव्हा वणाच्या विरुद्ध बाजूला भांग पाडून बटा वणावरून तिरक्या नेणं जास्त सोयीचं.

मुलांचं गणित उलटं. सुट्टीत ‘एकदम बारीक करा’ म्हणून सलूनमध्ये सांगतो आणि वण उठून दिसतो. मशीनचा 1 नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6. एवढे केस काळे दिसतात पण उभे राहतात, आडवे पडत नाहीत, त्यामुळे वण कोरल्यासारखा दिसतो. 4 नंबरचे 13 मिलिमीटरही बहुतेकांना कमीच पडतात. वणाच्या वरच्या बाजूचे केस अडीच-तीन सेंटिमीटर ठेवले की ते वाकून वणावर येतात. कानाजवळ आणि मानेवर खुशाल बारीक करू दे. न्हाव्याला नंबर सांगू नका, वणावर बोट ठेवून ‘याच्या वरचे केस कात्रीने कापा, इथे मशीन नको’ एवढंच सांगा.

याची मर्यादाही आहे. भाजल्याने पुढच्या कडेला तळहाताएवढी जागा उघडी पडली असेल तर केस कसेही नेले तरी वाऱ्यात उघडं पडणारच. अशा वेळी प्लास्टिक सर्जनला विचारावं. शेजारची केसाळ कातडी हळूहळू फुगवून ती जागा भरता येते. आणि टक्कल दिसलं की तो वणच असेल असं धरू नका. वण गुळगुळीत, चकचकीत असतो, त्यावर केसांची बारीक छिद्रं दिसत नाहीत. चाईत जागा गोल आणि मऊ असते, पण छिद्रं दिसतात आणि बहुतेक वेळा केस परत येतात. खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आणि मुळाशी तुटलेले केस दिसले तर ती बुरशी असू शकते. ती कंगव्यातून, टोपीतून दुसऱ्या मुलांना लागते. तिथे भांग बदलायचा नाही, मुलाचा कंगवा वेगळा करायचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. डोक्यावरच्या बुरशीला नुसतं मलम पुरत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात.